सात तासांनी सुजलेला दंड, नवव्या दिवशी आलेला ताप

४१ वर्षांचे गृहस्थ. काम पत्रे कापायचं आणि बसवायचं. संध्याकाळी उजव्या घोट्याला साप चावला. दोन तासांत पाय पोटरीपर्यंत सुजला आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. काचेच्या कोरड्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवलं आणि मग नळी आडवी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. गुठळी नव्हतीच. फुरशासारख्या विषारी सापांच्या दंशात असं होतं: विष रक्त गोठवणारी प्रथिनं वापरून संपवतं.

घोड्याच्या रक्तापासून तयार केलेल्या प्रतिविषाच्या दहा कुप्या शिरेतून दिल्या. सहा तासांनी तीच चाचणी पुन्हा केली, तरीही गुठळी नाही, म्हणून आणखी दहा दिल्या. सकाळी नळीत घट्ट गुठळी दिसली आणि हिरड्याही थांबल्या. एकूण वीस कुप्या, म्हणजे २०० मिलिलिटर प्रतिविष. देताना ना पित्त उठलं, ना रक्तदाब घसरला. ‘सोसलं बुवा’ असं आम्ही म्हणालो. पहिल्या तासापुरतं ते बरोबर होतं, पण त्यावरून पुढच्या दोन आठवड्यांचं काही सांगता येत नाही.

धनुर्वाताचं इंजेक्शन आम्ही मुद्दाम थांबवून ठेवलं होतं. रक्त गोठत नसताना स्नायूत सुई घातली की दंडात रक्त साकळतं. गुठळी होऊ लागल्यावर, दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता, डाव्या दंडात अर्धा मिलिलिटर टॉक्सॉइड, म्हणजे निरुपद्रवी केलेलं धनुर्वाताचं विष, दिलं. रात्री नऊच्या सुमारास त्यांनी परिचारिकेला हाक मारून सांगितलं, “पाय परवडला, पण हा हात उचलत नाही.” सकाळी खांद्यापासून कोपरापर्यंत हात सुजलेला होता. कातडी लाल, गरम आणि ताणलेली होती. ताप नव्हता. बोटं हलत होती, नाडी लागत होती.

पहिली शंका रक्तस्रावाचीच आली. म्हणून पुन्हा नळी लावली. वीस मिनिटांत गुठळी झाली. सोनोग्राफीत कुठेही रक्त किंवा पू साचलेला नव्हता, फक्त त्वचेखालच्या थरात आणि स्नायूत पाणी भरलं होतं. दुसरी शंका जंतुसंसर्गाची. पण सुई टोचल्यापासून सात तासांत जंतू इतका मोठा भाग लाल करत नाहीत आणि रुग्णाला तापही नव्हता. पेनिसिलिनसारख्या औषधाने काही मिनिटांत येते तशी तात्काळ ॲलर्जी म्हणावी, तर सात तास फार उशीर झाला. क्षयाच्या त्वचाचाचणीत ४८ तासांनी फुगवटा येतो, त्या मानाने सात तास फार लवकर. या दोहोंच्या मधली चार ते बारा तासांची जागा ज्या प्रतिक्रियेची आहे, तिचं नाव आर्थस प्रतिक्रिया.

मग आधीच विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला: “याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं?” पत्नीने उत्तर दिलं, “डॉक्टर, यांना पत्रा लागला की घेतातच. मागच्या वर्षी एकदा, त्याच्या आदल्या वर्षी दोनदा.” म्हणजे ज्या इंजेक्शनचा परिणाम दहा वर्षं टिकतो, ते दोन वर्षांत तीनदा झालं होतं आणि हे चौथं. त्यांच्या रक्तात टॉक्सॉइडविरुद्धचे प्रतिपिंड काठोकाठ भरलेले असणार. प्रतिपिंडांची पातळी मोजली असती तर हे कागदावर आलं असतं. आम्ही मोजली नाही, कारण उपचार बदलणार नव्हते. बर्फाचा शेक, हात उंच ठेवणं आणि पॅरासिटामॉल एवढंच केलं. विषाने रक्त बिघडलेल्या माणसाला ॲस्पिरिनच्या जातीची वेदनाशामकं द्यायची नसतात, म्हणून ती टाळली. प्रतिजैविकं दिली नाहीत. चौथ्या दिवशी हात मोकळा झाला आणि पाचव्या दिवशी त्यांना घरी पाठवलं.

दंडात काय झालं ते जवळून पाहण्यासारखं आहे, कारण चार दिवसांनी त्यांच्या सगळ्या अंगात हेच होणार होतं.

टॉक्सॉइड स्नायूत एका जागी साचलेलं असतं. रक्तातले प्रतिपिंड बारीक शिरांच्या भिंतींतून झिरपत त्याच्याकडे येतात. एका प्रतिपिंडाला दोन हात असतात आणि टॉक्सॉइडच्या एका रेणूवर पकडायच्या जागा अनेक. त्यामुळे दोघांची जाळी विणली जाते आणि ती शिरेच्या भिंतीतच अडकते. हेच इम्यून कॉम्प्लेक्स. एकमेकांजवळ आलेल्या प्रतिपिंडांच्या शेपट्यांवर सी१क्यू हे प्रथिन बसतं आणि तिथून कॉम्प्लिमेंटची, म्हणजे एकामागून एक जागी होणाऱ्या रक्तातल्या संरक्षक प्रथिनांची, साखळी सुरू होते. सी४ आणि सी२ कापले जातात, मग सी३. सी३ आणि सी५ मधून सुटलेले छोटे तुकडे, सी३ए आणि सी५ए, आजूबाजूच्या मास्ट पेशींमधून हिस्टामिन बाहेर काढतात. शिरा सैल होतात, पाणी बाहेर येतं, सूज दिसू लागते. सी५ए आणखी एक काम करतं. त्याच्या मागावर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात, जाळी गिळायला बघतात, पण भिंतीला चिकटलेली जाळी त्यांना गिळता येत नाही. मग त्यांच्या पोटातली पाचक विकरं आणि ऑक्सिजनचे जहाल रेणू बाहेर सांडतात आणि शिरेची भिंतच जळते. न्यूट्रोफिल जमायला काही तास लागतात. सात तासांचा उशीर त्यांचा आहे.

फ्रेंच शास्त्रज्ञ आर्थस यांनी १९०३ साली सशांवर हे पाहिलं. घोड्याचं सीरम त्वचेखाली काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा टोचलं. पहिली काही इंजेक्शनं मुकाट जिरली. पुढच्यांनी गाठी आल्या, आणि त्याही पुढच्यांनी कातडी काळी पडून गळाली. घोड्याच्या सीरममध्ये मुळात विषारी काही नव्हतं. सशाची तयारी वाढत गेली होती. आमच्या रुग्णाचं इंजेक्शनही विषारी नव्हतं. त्यांच्या दंडात सशासारखी कातडी गळाली नाही. माणसांत लसीनंतर ती बहुधा गळत नाही, पण सूज मात्र बघणाऱ्याला घाबरवण्याइतकी असते.

इथे एक भर घालायला हवी. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात सगळं काम कॉम्प्लिमेंट करतं. पण १९९४ साली असे उंदीर घेतले ज्यांच्या पेशींवर प्रतिपिंडांच्या शेपट्या पकडणारे उत्तेजक रिसेप्टर नव्हते, आणि कॉम्प्लिमेंट मात्र शाबूत होतं. त्यांच्यात आर्थस प्रतिक्रिया खूपच फिकी पडली. म्हणजे मास्ट पेशी आणि न्यूट्रोफिल जाळीतल्या शेपट्या थेट पकडूनही पेटतात. नंतरच्या कामातून दोन्ही बाजू जुळल्या: सी५ए या पेशींवरचे उत्तेजक रिसेप्टर वाढवतं आणि आवर घालणारे कमी करतं, त्यामुळे त्याच जाळीला त्या जास्त जोरात उत्तर देतात. सशात कॉम्प्लिमेंट काढून घेतल्यावर प्रतिक्रिया मंदावते, हे जुनं निरीक्षण त्यामुळे खोटं ठरत नाही. कॉम्प्लिमेंट काढून घेण्यासाठी तेव्हा नागाच्या विषातलं एक प्रथिन वापरत असत, जे सी३ अखंड कापत राहतं आणि संपवून टाकतं. सापाच्या रुग्णात कॉम्प्लिमेंट मोजताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ते पुढे येईलच.

घरी गेल्यावर चार दिवस सगळं ठीक होतं. नवव्या दिवशी ते परत आले. १०१.५ अंश ताप. पोटावर आणि मांड्यांवर गांधी उठलेल्या, खूप खाजणाऱ्या. दोन्ही घोटे, गुडघे आणि मनगटं दुखत होती. खुर्चीतून उठायला आधार लागत होता. दोन्ही जांघांत आणि काखांत अवधान आलेलं. दंशाचा पाय मात्र शांत होता. तिथल्या सुजेने परत डोकं वर काढलेलं नव्हतं. हाताच्या कडेला, तळवा आणि पाठ जिथे मिळतात त्या रेषेवर, एक लालसर पट्टा दिसला. तो सहज सुटतो, कारण आपण हात उलटा किंवा सुलटा बघतो, कड बघत नाही. घोड्याचं सीरम मिळालेल्या रुग्णांत हा पट्टा वर्णिलेला आहे. तो दिसला की माझा संशय पक्का होतो.

तरी पित्ताच्या गांधी, ताप आणि सांधेदुखी या तिकडीला दुसरी कारणंही असतात. डासांतून येणारे विषाणूजन्य ताप, दंशाच्या जागी पिकलेला पू, दिलेल्या एखाद्या गोळीची ॲलर्जी. काही प्रतिजैविकांनी लहान मुलांत हुबेहूब असंच चित्र होतं, पण त्यात कॉम्प्लिमेंट सहसा पडत नाही. म्हणून आमचा कौल कॉम्प्लिमेंटवर होता. हा नमुना हाताळताना घाई करावी लागते. नळी टेबलावर तशीच राहिली तर कॉम्प्लिमेंटची साखळी नळीतच चालू राहते आणि एकूण क्षमतेचा आकडा खोटाच कमी येतो. आम्ही नमुना बर्फात पाठवला आणि लॅबला एक विनंती केली: घरी सोडतानाच्या रक्तातलं उरलेलं सीरम गोठवून ठेवलं असेल तर तेही याच यंत्रावर लावा. सुदैवाने होतं.

घरी सोडताना सी३ होतं ११२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, आता ५१. सी४ तेव्हा २३, आता ६. त्या लॅबची खालची मर्यादा सी३ साठी ९० आणि सी४ साठी १० होती. या जोडीने दोन गोष्टी सांगितल्या. पाचव्या दिवशी आकडे ठीक होते, त्यामुळे आत्ताची घट विषाच्या थेट परिणामाने झालेली नाही. आणि सी४ सी३बरोबर पडला, म्हणजे साखळी प्रतिपिंडांच्या टोकाकडून सुरू झाली. नागाच्या विषातलं ते प्रथिन सी३वरच घाला घालतं, सी४ला हात लावत नाही. लघवीत प्रथिन एक प्लस आणि थोड्या लाल पेशी होत्या. मूत्रपिंडांचं काम सांगणारं क्रिएटिनिन १.० होतं, दंशानंतर होतं तितकंच. रक्त नीट गोठत होतं. निदान झालं: सीरम सिकनेस, म्हणजे परक्या सीरममधल्या प्रथिनाविरुद्ध सगळ्या अंगात उठणारी प्रतिक्रिया.

इथे विद्यार्थी एका ठिकाणी हमखास अडखळतात. त्यांचं म्हणणं असं: आजचं प्रतिविष म्हणजे अखंड प्रतिपिंड नसतात. पेप्सिनने शेपूट कापून फक्त दोन हातांचा तुकडा ठेवलेला असतो. शेपूट नाही तर सी१क्यू बसणार कुठे आणि कॉम्प्लिमेंट पेटणार कसं? उत्तर असं की या खेळात घोड्याचा तुकडा प्रतिपिंड म्हणून उतरलेलाच नाही. विषासाठी तो प्रतिपिंड आहे, रुग्णाच्या शरीरासाठी तो परका प्रतिजन आहे, म्हणजे ज्याच्याविरुद्ध प्रतिपिंड बनवायचे तो पदार्थ. शेपूट आहे रुग्णाने त्याच्याविरुद्ध बनवलेल्या स्वतःच्या प्रतिपिंडांना, आणि सी१क्यू तिथे बसतं. शेपूट कापल्याने धोका कमी होतो, शून्य होत नाही. शिवाय वीस कुप्यांत परकं प्रथिन भरपूर जातं, आणि जितकं जास्त तितकी ही शक्यता जास्त.

नऊच दिवस का लागले? घोड्याच्या या प्रथिनाशी त्यांच्या शरीराची आधी ओळख नव्हती. बी पेशी निवडल्या जाणं, वाढणं आणि पुरेसे प्रतिपिंड रक्तात येणं याला आठवडाभर जातो. तोवर घोड्याचं प्रथिन रक्तात फिरत असतं, हळूहळू कमी होत. सातव्या-आठव्या दिवशी पहिले प्रतिपिंड येतात तेव्हा प्रतिजन अजून खूप आणि प्रतिपिंड थोडे. सगळा त्रास या विषम प्रमाणात आहे. प्रतिपिंड पुरेसे असते तर मोठी जाळी झाली असती आणि यकृत व प्लीहेतल्या पेशींनी ती पटकन उचलली असती. प्रतिजन जास्त असला की एकेका प्रतिपिंडाच्या दोन हातांना वेगवेगळे रेणू मिळतात, जाळी पुढे विणली जात नाही, आणि छोटे विरघळलेले गठ्ठे फिरत राहतात. ते उचलायला लहान, पण शिरांच्या भिंतींत अडकायला पुरेसे मोठे.

ते अडकतात कुठे, ते रक्ताच्या दाबावर आणि शिरांच्या रचनेवर ठरतं. मूत्रपिंडाच्या गाळणीत दाबाखाली रक्त गाळलं जातं, सांध्याच्या अस्तरातल्या शिरांना छिद्रं असतात, आणि त्वचेत हिस्टामिनने शिरा उघडतात. म्हणून लघवीत प्रथिन, सांध्यांत कळा आणि अंगावर गांधी. दंडात प्रतिजन एका जागी होता आणि प्रतिपिंड भरपूर, म्हणून नुकसानही एका जागी आणि सात तासांत. आता प्रतिजन सगळीकडे होता आणि प्रतिपिंड नुकते येत होते, म्हणून सगळीकडे आणि नऊ दिवसांनी. अडकल्यानंतरची कहाणी दोन्हीकडे सारखीच: सी१क्यू, सी३, सी५ए, न्यूट्रोफिल.

व्हिएन्नात फॉन पिर्के आणि शिक यांनी १९०५ साली या आजाराला नाव दिलं. घटसर्पासारख्या आजारांत घोड्याचं सीरम मिळालेल्या मुलांना आठव्या ते बाराव्या दिवशी ताप, गांधी आणि सांधेदुखी येत होती. दुसऱ्यांदा सीरम मिळालं की तेच खूप लवकर. आजाराचा उशीर म्हणजे शरीराच्या तयारीचा काळ, हे त्यांनी त्यावरून ओळखलं. पुढे डिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांना किरणोत्सारी खूण लावलेलं गाईचं अल्ब्युमिन देऊन त्याचा रक्तातून निघून जाण्याचा वेग मोजला. काही दिवस ते संथ घटत गेलं आणि मग एकदम कोसळलं. तेवढ्याच काळात कॉम्प्लिमेंट खाली गेलं आणि मूत्रपिंडं व धमन्या सुजल्या. अल्ब्युमिन रक्तातून संपल्यावर ससे बरे होऊ लागले. एका मात्रेचा हा आजार आपोआप थांबतो, कारण प्रतिजनाची नवी आवक नसते.

कॉम्प्लिमेंटला यात निव्वळ गुन्हेगार म्हणणं मला पटत नाही. सी३चे तुकडे गठ्ठ्यांवर चिकटले की लाल पेशी त्यांना आपल्या पाठीवर घेतात आणि यकृतात नेऊन उतरवतात. कॉम्प्लिमेंट गठ्ठे मोडतंही. सी१क्यू, सी४ किंवा सी२ जन्मतःच नसलेल्या माणसांना ल्युपससारखे गठ्ठ्यांचे आजार जास्त होतात. त्यामुळे सी३ ५१ झालं याचा अर्थ झालेलं नुकसान इतकाच नव्हता, चाललेली साफसफाईही त्यात होती. त्या आकड्यावरून आजाराची तीव्रता ठरवू नये. ती रुग्णाच्या मूत्रपिंडांवरून आणि सांध्यांवरून ठरवावी. त्वचेचा तुकडा तपासला असता तर कदाचित शिरेच्या भिंतीत प्रतिपिंड आणि सी३ चमकताना दिसले असते, पण शरीर तो पुरावा लवकर पुसतं, आणि निदान तसंही उघड होतं.

आम्ही क्लोरफेनिरामाइन २ मिलिग्रॅम दर सहा तासांनी सुरू केलं. ४८ तासांत खाज निम्मी झाली, पण गुडघे तसेच. हिस्टामिन अडवल्याने न्यूट्रोफिलांचं काम थांबत नाही, त्यामुळे याचं आश्चर्य नव्हतं. मग प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम दर सहा तासांनी, सात दिवस. दुसऱ्या दिवशी ताप गेला, तिसऱ्या दिवशी ते आधाराशिवाय जिना चढले. दर दोन दिवसांनी लघवी आणि क्रिएटिनिन बघत राहिलो. दंशानंतरचं क्रिएटिनिन वाढणं विषामुळेही असू शकतं, त्यामुळे वाढलं असतं तर प्रश्न अवघड झाला असता. ते वाढलं नाही. स्टिरॉइड बंद केल्यावर पाच दिवसांनी लघवी स्वच्छ, सी३ ९८, सी४ १७.

त्यांनी शेवटी विचारलं, “परत साप चावला तर सापाची लस मला चालणार नाही ना?” उत्तर उलटं होतं. रक्त गोठत नसेल तर प्रतिविष द्यावंच लागेल, त्याला पर्याय नाही. फक्त तात्काळ ॲलर्जीची तयारी ठेवून द्यायचं, आणि हा आजार पुढच्या वेळी नऊ दिवस थांबणार नाही, दोन-चार दिवसांतही येऊ शकेल, हे लक्षात ठेवायचं. आधी त्वचेत थोडं टोचून बघू, या युक्तीचा उपयोग नाही. ती चाचणी सीरम सिकनेस सांगत नाही, आणि तात्काळ ॲलर्जीचाही भरवशाचा अंदाज देत नाही.

त्यांच्या कार्डावर दोन ओळी लिहून दिल्या. घोड्याचं प्रतिविष, २०० मिलिलिटर, नवव्या दिवशी सीरम सिकनेस: गरज पडल्यास द्यावे, दोन आठवडे लक्ष ठेवावे. धनुर्वात टॉक्सॉइड, आर्थस प्रतिक्रिया: पुढची मात्रा दहा वर्षांच्या आत देऊ नये, जखम झाली तरी. दुसरी ओळ वाचून त्यांची पत्नी म्हणाली, “म्हणजे आता पत्रा लागला तर?” जखम साबणाने धुवा, आणि हे कार्ड सुई टोचायच्या आधी दाखवा, असं सांगितलं.